पूजा झालेली गाडी

१७ एप्रिल २०२५. अकरा जीव.

सहा मोठी माणसे, पाच मुले. पंचवटीत यात्रेकरूंसाठी उभ्या राहत असलेल्या निवासाच्या आवारात, पत्र्याच्या दोन खोल्यांत ही माणसे राहत होती. तळमजल्यावरचा स्लॅब भरून झाला आणि खालचे टेकू निघाले की त्याच स्लॅबखाली ती राहायला जाणार होती. तसा कोणताही करार नव्हता, पण अपेक्षा सर्वांची तीच होती. बांधकामावरची माणसे आपणच उभारलेल्या छताखाली मालकाच्या आधी राहतात आणि फरशी बसायच्या आत तिथून उठतात. त्या वास्तूचे पहिले रहिवासी तेच असतात, पण वास्तुशांतीच्या निमंत्रणात त्यांची नावे नसतात.

मालिनीला ही माणसे नावानिशी ठाऊक होती. स्ट्रक्चरल सल्लागाराच्या कार्यालयातर्फे ती या कामावर गुणवत्ता पाहत असे. पॉलिटेक्निकमधून पदविका घेऊन बाहेर पडली तेव्हा तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पौरोहित्य करणाऱ्या घरातली मुलगी सिमेंटच्या धुळीत कशाला, असे वडील म्हणाले होते. थोरला भाऊ यज्ञेश्वर तेव्हा तिच्या बाजूने उभा राहिला. प्रवेशाच्या दिवशी तोच तिला सायकलवरून घेऊन गेला. पुढे वडिलांच्या मागे घरचे यजमान यज्ञेश्वरकडे आले, मग विश्वस्त मंडळाचे कार्यवाहपदही आले, आणि सिंहस्थाच्या आधी हे निवास उभे करायचे ठरले तेव्हा कामावर देखरेखीसाठी सल्लागाराने मालिनीलाच पाठवावे, असा आग्रह त्यानेच धरला. "परक्या माणसाला मी काय विचारणार? माझी बहीण हो म्हणाली की मला झोप लागते," असे तो मंडळाच्या बैठकीत म्हणाला होता. हे वाक्य मालिनीने मनात जपून ठेवले होते.

त्या दिवशी स्लॅब भरायचा होता. मुहूर्त सव्वानऊ ते सव्वादहा. तयार काँक्रीटची पहिली गाडी साडेआठच्या सुमारास निघावी असे मालिनीने आल्हादला सांगितले होते. आल्हाद अंबडच्या काँक्रीट प्लांटवर गुणवत्ता प्रमुख होता. दहा वर्षांपूर्वी तो शिकाऊ म्हणून मालिनीच्या हाताखाली आला, तेव्हा त्याला चाचणीसाठी काँक्रीट भरायचा शंकूसारखा साचा, म्हणजे कोन, सरळ उचलता येत नसे. मनगट वळायचे आणि ढीग एका बाजूला घसरायचा. "दह्याचं मडकं उतरवतोयस असं समज," ती म्हणायची. तो हसायचा, आणि पुन्हा करायचा.

गाडी मात्र आठच्या आधीच फाटकाशी येऊन उभी होती. ड्रम संथपणे फिरत होता.

"ही इतक्या लवकर कशी?" मालिनीने चालकाला विचारले.

"मला काय माहीत मॅडम? सातलाच भरली. म्हणाले, मुहूर्ताची गाडी आहे, फाटकात उभी राहिली पाहिजे."

यज्ञेश्वर सोवळ्यातच आला. हातात ताम्हन, मागे नारळाची पिशवी. "मीच सांगितलं आल्हादला. वाटेत द्वारका सर्कलला अडकली असती म्हणजे? मुहूर्त काय सिग्नलसाठी थांबतो?"

"दादा, काँक्रीटही थांबत नाही."

"अगं, फिरतंय ना ते आत."

फिरत राहिले तरी ऊन आणि वेळ दोन्ही आतल्या पाण्यावर काम करीत असतात. पण पूजेच्या तोंडावर वाद नको म्हणून ती नमुन्याची घमेली मांडायला वळली.

सेंटरिंगचा मुकादम गोटीराम आणि त्याची बायको नवसाबाई देवळ्याकडची. नवसाबाईची बहीण मखमलाबादला दिली होती, तिच्याकडे झेंडू होता. तिथून नवसाबाई पहाटेच टोपलीभर फुले घेऊन आली होती. गाडीला हार घातला, चाकांना हळदकुंकू लागले. मग चालक मागच्या शिडीने वर चढला आणि नवसाबाईने टोपली त्याच्या हातात दिली.

"चिमूटभर टाका हो," मालिनी खालून म्हणाली. "काँक्रीटमध्ये फुलं चालत नाहीत."

"ताई, देवाला चिमटीनं देत्यात का?" नवसाबाई म्हणाली. चालकाने अख्खी टोपली वरच्या नरसाळ्यात उपडी केली. सगळे हसले. मालिनीही हसली. त्या भल्यामोठ्या ड्रममध्ये एक टोपली पाकळ्यांनी काही बिघडणार नव्हते, हे तिलाही कळत होते.

पूजा लांबली. नारळ फुटला तेव्हा साडेनऊ होत आले होते.

मालिनीने गाडीतला सुरुवातीचा माल बाजूला सोडून दिला आणि त्यानंतरचा नमुना घमेल्यांत घेतला. सपाट लोखंडी पत्रा पुसून ओला केला, त्यावर कोन ठेवला. वर अरुंद, खाली रुंद, फूटभर उंचीचा हा साचा. त्याच्या तळाच्या पट्ट्यांवर पाय देऊन तिने तीन थरांत माल भरला, प्रत्येक थराला सळईचे पंचवीस ठोके दिले, वरचा काठ सपाट केला आणि दोन्ही हातांनी साचा सरळ वर उचलला. साचा निघाल्यावर काँक्रीट स्वतःच्या वजनाने खाली बसते. किती बसले ते मोजायचे, तो स्लंप. या कामासाठी तो एकशेवीस मिलिमीटर ठरवला होता. पंचवीस वर किंवा पंचवीस खाली, एवढी सूट.

ढीग जवळजवळ तसाच उभा राहिला. साचा शेजारी उलटा ठेवून, त्यावर सळई आडवी धरून तिने मोजले. सत्तर. ढिगाच्या अंगावर पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

तिने दुसरा नमुना घेतला. पासष्ट.

"झालं का?" यज्ञेश्वरने विचारले.

"ही गाडी परत जाईल."

चालक पुढे आला. "मॅडम, दोन बादल्या पाणी मारतो. दहा मिनिटं फिरवतो. लोण्यासारखं होईल."

"होईल. आणि तसंच मऊ राहील."

"म्हणजे?"

"पाण्यानं ते वाहील, पण सिमेंट तेवढंच आहे. पाणी वाढलं की ताकद उतरते. स्लंप सुधारेल, स्लॅब सुधारणार नाही."

"मग औषध मारू दे आल्हाद सरांना," चालक म्हणाला. प्रवाह वाढवणाऱ्या रसायनाला तो औषध म्हणत होता.

"वेळेत असती तर तेही चाललं असतं. त्यांनी स्वतः येऊन, मोजून घातलं असतं, मी परत तपासलं असतं. पण हिला भरून दोन तास उलटून गेलेत. घट्ट झालेल्याला आता ढवळून ताजं करता येत नाही."

यज्ञेश्वर जवळ आला. आवाज खाली होता. "मालू, या गाडीची पूजा झाली आहे."

"हो दादा, पाहिलं मी. पण परत जाईल."

"कुठे जाईल?"

"प्लांटवर. तिथे रिकामी करतील."

"म्हणजे फेकतील."

"हो."

ताम्हनातले कुंकू हवेने उडू नये म्हणून त्याने त्यावर हात धरला होता. मालिनीने आल्हादला फोन करून गाडी परत पाठवली. दुसरी गाडी वेळेत आली होती. तिचा स्लंप एकशेपंधरा निघाला, ढीग सगळीकडून सारखा बसला, कुठे फुटला नाही की पसरला नाही. पहिले घमेले त्या गाडीचे पडले आणि तेही मुहूर्ताच्या वेळेतच. मालिनीला वाटले, प्रश्न मिटला.

अकराच्या सुमारास आल्हादचा फोन आला. "ताई, तीच गाडी पाठवतोय. ड्रम धुऊन घेतलाय, ताजा माल भरलाय. सकाळसाठी सॉरी, दादांनी घाई केली म्हणून भरली होती."

"ड्रम नीट धुतलास?"

"ताई! तुमचा शिष्य आहे मी."

गाडी आली. माल भरल्याचे नवे चलन, त्यावर नवी वेळ. हार तसाच. मालिनीने पुन्हा नमुना घेतला, पुन्हा तीन थर, पुन्हा सरळ उचल. एकशेपंचवीस. सुरेख बसलेला ढीग, कड जरा ओलसर. त्याच्या अंगावर दोन पाकळ्या होत्या. तिने त्या बोटाने काढल्या. हार वरच्या नरसाळ्याशी घासतो आहे, तिथल्या पडल्या असतील, असे तिला वाटले. चूक झाली ती इथे. तिला दिसले नव्हते असे नाही. दिसलेल्या गोष्टीला तिने विश्वासाच्या माणसाच्या सोयीचा अर्थ दिला. परका प्लांट असता तर तिने ड्रममध्ये दिवा मारून पाहिला असता.

तिने सही केली. दाबचाचणीसाठी त्या गाडीचे सहा ठोकळे भरून घेतले. माल प्रवेशद्वारावरच्या गाळ्यात, म्हणजे स्लॅबच्या तुळयांमधल्या एका चौकोनात, जिन्यालगत पडला. गोटीरामची माणसे पुढे राहायला येणार होती ती जागा नेमकी याच गाळ्याखाली होती. तिथे वारा चांगला येई.

सात दिवसांनी प्रयोगशाळेत ठोकळे यंत्राखाली गेले. इतर गाड्यांचे अपेक्षेप्रमाणे टिकले. त्या गाडीचा पहिला ठोकळा दाब अपेक्षेच्या निम्म्याच्या जरा वर असताना फुटला. दुसरा, तिसरा तसाच. यंत्र चालवणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, भरताना कचरा गेला का?"

मालिनीने तुकडा हातात घेतला. फुटलेल्या भागावर तपकिरी पडलेली, चपटी झालेली पाकळी होती. दुसऱ्या तुकड्यात तीन. कागदाच्या घडीत जपून ठेवल्यासारख्या त्या राखाडी पिठात दडपल्या होत्या.

ती तशीच प्लांटवर गेली. आल्हादने तुकडा पाहिला आणि खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"ड्रम धुतला होतास?"

"ताई, ठोकळे भरताना कधी कधी..."

"आल्हाद."

तो टेबलाकडे पाहत राहिला. "दादांचा फोन आला. म्हणाले, पूजा झालेला माल उकिरड्यावर टाकू नकोस, पाप लागेल, माझ्या हातून पूजा झाली आहे. म्हणाले, थोडं सांभाळून घे. मी म्हटलं ताई मान्य करणार नाहीत. ते म्हणाले, तिला आकडा बरोबर मिळाला की ती मान्य करते."

"तिला आकडा बरोबर मिळाला की," मालिनीने ते शब्द सावकाश पुन्हा उच्चारले.

"पाणी घातलं, थोडं रसायन घातलं. ताई, स्लंप तुम्हीच घेतला. एकशेपंचवीस आला. नापास असता तर तुम्ही सोडली असती का?"

"नसती."

"मग?"

"मग काय? स्लंप एवढंच सांगतो की माल किती वाहतो. ठरलेल्या मिश्रणापेक्षा तो अचानक जास्त बसला तर पाणी वाढलं असा संशय येतो, कमी बसला तर वेळ गेला असा. पण कोणी मुद्दाम पाणी घालून आकडा बरोबर जागी आणला, तर तो आकडा मुका होतो. म्हणून वेळ विचारायची, चलन बघायचं. आणि ते दोन्ही तू मला खोटं दिलंस."

आल्हादच्या डोळ्यांत पाणी आले. मालिनीला त्याची दया आली नाही, आणि दया आली नाही याचेच तिला वाईट वाटले.

यज्ञेश्वरच्या घरी ती संध्याकाळी गेली. तो टेरेसवर तुळशीला पाणी घालीत होता. काँक्रीटचा तुकडा तिने कठड्यावर ठेवला. त्याने तो ओळखला. विचारायची गरज पडली नाही.

"लोक पाय धुऊन ज्या दारातून आत येणार," तो म्हणाला, "त्या दारावरचा माल अभिषेक झालेला आणि तो कचऱ्यात फेकलेला, हे माझ्यानं सहन झालं नसतं."

"मला सांगायचं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून मला न सांगता माझी सही घेतलीस?"

"तुझी सही खोटी नव्हती. तू मोजलंस ते खरं होतं. मी तुला खोटं बोलायला लावलं नाही, मालू. ते मला नको होतं."

मालिनीला त्याची ती सायकल आठवली. तिच्या शिक्षणाचा त्याला अभिमान होता, हे खरे होते. आणि त्या शिक्षणाला त्याने दारावर बसवायच्या मूर्तीइतकेच स्थान दिले होते, हेही तेवढेच खरे होते. मूर्तीने आशीर्वाद द्यायचा असतो, प्रश्न विचारायचे नसतात. त्याची झोप तिच्या होकारावर अवलंबून होती, तिच्या नकारावर कधीच नव्हती.

"टेकू काढायचे नाहीत," ती म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात आखाड्याचे महाराज काम पाहायला येणार आहेत."

"दादा, गोटीरामची मुलं त्याखाली झोपणार आहेत."

"पण सगळ्यांसमोर तूच सांगणार, की तू पास केलेली गाडी खराब होती? तुझ्या नोकरीचं काय?"

हा प्रश्न त्याने काळजीने विचारला होता. त्यामुळेच तो जास्त लागला.

तिने सल्लागाराला लिहून कळवले: स्लंप बरोबर होता, सही माझी आहे, माल नाकारलेला होता. अठ्ठाविसाव्या दिवशीचे ठोकळेही कमी निघाले. स्लॅबमधून भोके पाडून काढलेले गाभेही उणे ठरले. तो गाळा फोडायचा आदेश आला. मंडळाच्या बैठकीत यज्ञेश्वरने सांगितले की प्लांटकडून चूक झाली आणि आपल्या देखरेखीमुळे ती वेळेत लक्षात आली. बहिणीकडे पाहून तो हे म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आल्हादची बदली दुसऱ्या प्लांटवर झाली.

फोडकाम सुरू झाले तेव्हा गोटीराम मालिनीजवळ येऊन उभा राहिला. पत्र्याखाली मे महिना काढणे कठीण होते. धाकट्या मुलीच्या पाठीवर घामोळे उठले होते.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्ही ते मालाला टोपी घालून काढता, मोजता. लय बारीक काम हाय. मग ते पास झालं न् छत नापास झालं, तर त्या मोजण्याचा उपेग काय?"

मालिनीने छताकडे पाहिले. वर हातोडे चालले होते.

"ती चाचणी गाडीला विचारते, गोटीराम. माणसाला विचारत नाही."

"मग माणसाला कोण विचारनार?"

"मी विचारायला हवं होतं."

नवसाबाई पलीकडे भांडी घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "ताई, म्या म्हनलं नव्हतं, देवाला चिमटीनं देत नाय? चिमूटभर टाकली असती तर तुम्हाला ठोकळ्यात घावली असती का?"

गोटीराम हसला. मालिनीला हसू आले नाही. मग तिने नवसाबाईच्या हातातला राख लागलेला काथ्या घेतला आणि एक पातेले घासून तिच्याजवळ ठेवले. यापलीकडे काय करावे हे तिला सुचले नाही.

नवा गाळा जून सरायच्या आत भरला गेला. त्या गाडीची पूजा झाली नाही. मालिनीने ड्रममध्ये दिवा मारून पाहिले, मग नमुना घेतला. एकशेवीस. टेकू ठरल्यापेक्षा उशिरा निघाले. त्यानंतर अकरा माणसे त्या छताखाली राहायला आली आणि दिवाळीच्या आधी, फरशी बसायच्या वेळी, निघून गेली.

यज्ञेश्वर अजून दर सणाला मालिनीला बोलावतो. ती जाते. त्याने तिच्याकडे क्षमा मागितलेली नाही. आपण उन्हाळाभर पत्र्याखाली का राहिलो, हे त्या अकरा माणसांना मंडळातल्या कोणीही सांगितलेले नाही. ही दोन्ही देणी बाकी आहेत.